आजींची भजने आणि अ‍ॅपची तालिका : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे वय ७६ वर्षे, शिक्षण सातवीपर्यंत, माहेर फलटणचे आणि सासर कराडचे. मराठी त्या अडखळल्याशिवाय वाचतात, पोथीतली जोडाक्षरेही त्यांना अडवत नाहीत. इंग्रजीतली मोठी अक्षरे सुटी सुटी ओळखतात, पण त्यांचा शब्द करून वाचू शकत नाहीत. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि ऐकू व्यवस्थित येते. हाताशी असलेला अँड्रॉइड फोन मुलाने वापरून दिलेला आहे आणि त्याचा उपयोग त्या आलेला फोन घेण्यापुरता, दोनचार ठरावीक माणसांना फोन लावण्यापुरता करत असत. फोनवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपमधून हवे ते भजन स्वतः शोधून लावायला त्यांना शिकवणारा नातू, म्हणजे माझा मुलगा, सोळा वर्षांचा असून त्या वेळी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता.

घरातला टेपरेकॉर्डर बंद पडल्यापासून आजींची सकाळची भजने दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून होती. रेडिओवर भक्तिगीते लागतात, पण ती लावणाऱ्याच्या निवडीची असतात. आम्ही त्यांना फोनवर अभंग लावून देत असू, तेव्हा त्या ऐकत, पण एकदा स्पष्टपणे म्हणाल्या, "तुम्ही लावून देता ते गोडच असतं, पण मला हवं ते नसतं." या वाक्यातूनच शिकण्याची सुरुवात झाली. मी ग्रंथालयात तालिकेचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करून ती शोधता येतील अशी व्यवस्था लावण्याचे काम करते. त्यामुळे आजी आणि नातू यांच्यात जे घडत होते त्यातला एक भाग मला ओळखीचा वाटला. बोट कुठे ठेवायचे हा प्रश्न लवकर सुटला. आजींच्या मनात गाणे ज्या नावाने राहते आणि अ‍ॅपमध्ये ते ज्या नावाने नोंदलेले असते, ती दोन नावे एक नव्हती, आणि खरे अवघड काम तिथे होते.

आधी फोन बदलला

पहिल्या काही बैठकींत अ‍ॅप उघडलेच गेले नाही. आजी गाण्यावर बोट ठेवत आणि गाणे सुरू होण्याऐवजी खालून पर्यायांची एक लांब यादी वर येई. त्यांना वाटे, बोट चुकीच्या जागी पडले. नातवाने त्यांचा हात बाजूला न करता नुसते पाहिले, तेव्हा त्याच्या लक्षात आले की जागा बरोबर आहे, पण बोट काचेवर जास्त वेळ टेकते. पडद्याला हलका स्पर्श आणि धरून ठेवलेला स्पर्श हे दोन वेगळे हुकूम असतात. वयस्कर माणूस खात्री करून घेण्यासाठी बटण दाबल्यासारखे दाबतो आणि फोन त्याचा दुसराच अर्थ घेतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये, सुलभतेच्या विभागात, स्पर्श किती वेळ टिकला म्हणजे तो 'धरून ठेवलेला' मानायचा याचे लघु, मध्यम आणि दीर्घ असे पर्याय असतात. त्याने 'दीर्घ' निवडले आणि ती यादी वर येणे जवळजवळ थांबले.

याच्या उलट अडचण थंडीत येई. बोटांची त्वचा कोरडी पडली की स्पर्श फोनपर्यंत पोहोचतच नाही, कारण हा पडदा दाबाने चालत नाही, तो त्वचेतून जाणारा सूक्ष्म विद्युत परिणाम टिपतो. आजी मग अधिक जोराने दाबत आणि जोराचा काही उपयोग नसे. हाताला थोडे खोबरेल लावून ते पुसून घेतले की काम होई. ओल्या हातानेही गोंधळ उडतो. देवपूजा आटोपून तसाच हात फोनला लावला की पडदा मनानेच इकडेतिकडे सरकतो. तेव्हा आधी पदराला हात पुसायचा हा नियम ठरला.

बाकीचे बदल भराभर झाले. अक्षरांचा आकार वाढवला. पडदा अर्ध्या मिनिटात काळा होई तो पाच मिनिटे जागा राहील असे केले, कारण आजी एक ओळ वाचून विचार करीपर्यंत फोन कुलूपबंद होत असे. आणि सर्वांत उपयोगी ठरलेला बदल म्हणजे पडद्याच्या कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची नवी पद्धत बंद करून खाली तीन बटणे दिसणारी जुनी पद्धत आणली. कडेवरून बोट सरकवणे ही न दिसणारी खूण आहे. ती माहीत नसेल तर तिथे काही आहे हेच कळत नाही. बटण मात्र डोळ्यांना दिसते. नातवाने शिकवताना गाणे लावणे पहिले शिकवले नाही, परत येणे शिकवले. "आजी, काहीही उघडलं तरी घाबरू नकोस, हा बाण दाबत राहा, तू घरीच येशील." त्याने मुद्दाम फोनमध्ये आत कुठेतरी नेऊन ठेवायचे आणि आजींनी बाण दाबत मुख्य पडद्यावर यायचे, असा सराव त्यांनी केला. शिकण्यातली भीती इथे ओसरली, आणि पुढे अनोळखी काहीही समोर आले तरी आजी आधी बाण शोधत, हाक नंतर मारत.

त्याच्या संयमाचे स्वरूप सांगायचे तर, तो फोन आजींच्या हातून काढून घेत नसे. घरातल्या आम्हा सगळ्यांची सवय अशी की विचारले कोणी की फोन हातात घ्यायचा, चार ठिकाणी बोट फिरवायचे आणि "हे बघा, झालं" म्हणून परत द्यायचा. त्यात बघणाऱ्याला बोटे दिसतात, कारण दिसत नाही. तो शेजारी बसून तोंडाने सांगे, आणि दाबण्याआधी विचारी, "आता काय होईल असं वाटतं तुला?" आजींचा अंदाज चुकला तरी दाबू देई. या एका प्रश्नामुळे आजींच्या मनात अ‍ॅपचा जो नकाशा तयार होत होता तो त्याला दिसत असे, आणि कुठे दुरुस्ती हवी ते कळे.

माझे माहेर पंढरी

आजींनी मागितलेले पहिले गाणे 'माझे माहेर पंढरी' हे होते. अभंग संत एकनाथांचा, चाल राम फाटक यांची आणि आवाज पंडित भीमसेन जोशींचा. आजींना यातले काय माहीत होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. पहिली ओळ पाठ, आवाज पाठ, चालीतली प्रत्येक हरकत पाठ. अभंग एकनाथांचा हेही माहीत, कारण शेवटच्या चरणात नाममुद्रा येते. चाल कोणाची हे माहीत नव्हते, आणि ध्वनिमुद्रिकेचे नाव काय, ती कोणत्या वर्षी निघाली, हे प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलेच नव्हते. अ‍ॅपमधील नोंदीत मात्र एकनाथ सहसा नसतातच. तिथे गाण्याचे नाव रोमन लिपीत असते, कलावंतांच्या रकान्यात गायक असतो, आणि कित्येकदा त्याच्याही आधी संगीतकार असतो. त्यामुळे 'भीमसेन' शोधणाऱ्या डोळ्यांना पहिल्यांदा वेगळेच नाव दिसते आणि हे आपले गाणे नव्हे असे वाटून माणूस पुढे जातो.

नातवाने प्रथम बोलून शोधायला सांगितले. माइकचे चित्र दाबले आणि आजी सुरात गाऊ लागल्या. तेच स्वाभाविक होते. गाणे सांगायचे म्हणजे म्हणून दाखवायचे. पण बोलणे ओळखणारी यंत्रणा बोललेल्या शब्दांसाठी तयार केलेली असते. 'माऽऽझे' असा ताणलेला स्वर आला की तिचा अंदाज चुकतो. दुसऱ्या वेळी आजींनी "अं… ते आपलं…" असे म्हणून सुरुवात केली, आणि तेवढ्या थांबण्यात माइक बंद झाला. तिसरी अडचण भाषेची होती: माइकची भाषा इंग्रजी ठेवलेली असल्याने मराठी ओळीचे इंग्रजी शब्दांत काहीतरी विचित्र रूप उमटले. कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडल्यावर ओळ देवनागरीत बरोबर उमटू लागली. पद्धत अशी ठरली की आधी ओळ मनात म्हणायची, मग माइक दाबायचा, आणि धडा वाचल्यासारखी सरळ, न गाता, न थांबता बोलायची.

तरीही निकाल समाधानकारक नव्हते. देवनागरीत शोधल्यावर ज्या थोड्या नोंदी देवनागरीत आहेत त्याच वर येत, आणि त्यांतल्या बहुतेक हल्लीच्या गायकांच्या होत्या. जुनी ध्वनिमुद्रणे ज्या काळात आणि ज्या संगणकांवर नोंदली गेली, तिथे रोमन लिपीच होती. मग रोमन लिपीत टाइप करायचे ठरले, आणि खरा गुंता समोर आला. `Majhe`, `Maze`, `Mazhe`, `Maajhe` अशी एकाच शब्दाची रूपे वेगवेगळ्या संग्रहांत आढळतात. ज्याने नोंद केली त्याच्या कानाप्रमाणे आणि सवयीप्रमाणे झ कधी `jh` होतो, कधी `z`. मराठी ळ चे `l` होते, क्वचित `ll`; फ चे `f` आणि `ph` दोन्ही चालतात; व चे `v` आणि `w`; दीर्घ आ कधी दोन `a` घेतो, कधी एक. अ‍ॅप थोडाफार फरक सांभाळून घेते, पण एकाच ओळीत तीन शब्द असे असले की ते भलतीकडे जाते.

ग्रंथालयात आम्हाला हा प्रश्न नवा नाही. लेखकाचे आडनाव दोन प्रकारे लिहिले गेले की एकाच माणसाची पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात, म्हणून एक रूप प्रमाण मानून बाकीच्यांवरून तिकडे बोट दाखवणारी नोंद करायची असते. अ‍ॅपच्या तालिकेत मराठी गाण्यांसाठी अशी काळजी घेतलेली जाणवत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ज्यांना ही गाणी सर्वांत जास्त हवी आहेत, त्यांनाच ती सापडत नाहीत. पण तालिका आपल्या हातात नसते, तेव्हा शोधणाऱ्याने काय करावे हा प्रश्न उरतो. नातवाने स्वतःच एक तोडगा काढला आणि तो मला फार पटला: संपूर्ण ओळ टाइप करायची नाही. ओळीतला असा एक शब्द निवडायचा की जो रोमन लिपीत एकाच तऱ्हेने लिहिला जाईल, आणि त्याला गायकाच्या नावाचा एक सोपा शब्द जोडायचा. 'माझे माहेर पंढरी' मध्ये झ असलेला 'माझे' सोडून द्यायचा. 'पंढरी' शेकडो गाण्यांत येतो म्हणून तोही सोडायचा. 'माहेर' बहुधा `maher` असाच लिहिला जातो. म्हणून `maher bhimsen`. हवे ते गाणे वरच्या काही नोंदींत आले.

ही रीत प्रत्येक ठिकाणी चालली नाही. माणिक वर्मांनी गायलेले नामदेवांचे 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा' शोधताना 'अमृताहुनी' हा शब्द `Amrut` आणि `Amrit` अशा दोन वाटांनी जातो म्हणून नातवाने 'गोड' निवडला. `god` टाइप केल्यावर इंग्रजी गाण्यांची रांग उभी राहिली. 'नाम' मध्ये एक `a` की दोन हा प्रश्न, 'वर्मा' कधी `Varma` तर कधी `Verma`. शेवटी `manik deva` याने काम झाले. किशोरी आमोणकरांचा 'अवघा रंग एक झाला' हा संत सोयराबाईंचा अभंग शोधताना तर ओळीतला एकही शब्द उपयोगी नव्हता: 'अवघा' तीन प्रकारे लिहिला जातो, 'रंग' हजारो गाण्यांत आहे, 'झाला' मध्ये पुन्हा झ. तिथे गायिकेच्या नावावरून तिचे पान उघडून खाली शोधत जाण्याखेरीज उपाय नव्हता.

आजींसाठी अक्षरे टाइप करणे हा वेगळा भाग होता. त्यांना मोठी अक्षरे ओळखता येत, पण कीबोर्डवर लहान दिसत. कीबोर्डवरचा वर जाणारा बाण लागोपाठ दोनदा दाबला की सगळी अक्षरे मोठी होऊन तशीच राहतात, आणि शोधाला लहान-मोठ्या अक्षरांनी काही फरक पडत नाही. नातवाने एक वही केली. डाव्या पानावर आजींनी आपल्या हाताने गाण्याची पहिली ओळ मराठीत लिहायची. उजव्या पानावर तो त्या गाण्याची शोधाची अक्षरे मोठ्या ठशात लिहून देई. `MAHER BHIMSEN` ही अक्षरे आजी एकेक पाहून दाबत. वाचता येत नसले तरी जुळवता येत होते. काही गाण्यांनंतर `BHIMSEN` त्यांना न पाहता दाबता येऊ लागले, कारण ते वहीत पुन्हा पुन्हा येत होते.

तेच गाणे, पण ते नव्हे

सापडलेले गाणे आजींचेच आहे का, हा पुढचा प्रश्न होता. एकाच अभंगाला अनेक चाली असतात आणि एकाच गायकाची एकाच अभंगाची अनेक ध्वनिमुद्रणे असतात. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' हा तुकोबांचा अभंग कितीतरी जणांनी वेगवेगळ्या चालींत गायला आहे, आणि आजींच्या मनात तर त्याची फलटणच्या भजनी मंडळाची चाल आहे. नातू एकामागून एक लावत होता आणि आजी प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. त्याला वाटत होते शब्द तेच आहेत, गायक मोठे आहेत, मग अडचण काय? आजींनी समजावले, "शब्द देवाचे, पण चाल आमच्या आळीची." हे ऐकल्यावर त्याने तो शोध थांबवला, आणि वहीत त्या अभंगापुढे कोरी जागा ठेवली. माझ्या मते हा या सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण होता, कारण तिथून पुढे तो 'हे चालेल का?' असे विचारेनासा झाला आणि 'तुझ्या आठवणीत ते कसं आहे?' असे विचारू लागला.

आठवणीवरून नोंद ओळखण्याच्या काही खुणा मग आम्ही तिघांनी मिळून काढल्या. त्यांत सर्वांत भरवशाची खूण कालावधीची ठरली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा फारसे मावत नसे, म्हणून त्या काळातली गाणी तेवढ्यात बसवलेली असत. 'इंद्रायणी काठी, देवाची आळंदी' हे भीमसेन जोशींनी गायलेले गाणे १९५३ सालच्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटातले, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचे. पंडितजींनी पुढे ते मैफलींतही गायले. तेव्हा नोंदीपुढे तीन-चार मिनिटांचा आकडा दिसला तर ते जुने ध्वनिमुद्रण असण्याचा संभव जास्त, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा दिसला तर ते मैफलीतले. आजींना रेडिओवरचे लहान गाणे हवे होते. त्यांना आकडे वाचता येतात, म्हणून ही खूण त्यांच्या स्वतःच्या हातात राहिली.

याच गाण्याने आणखी एक गोष्ट दाखवली. आजी त्याला संतांचा अभंगच समजत होत्या आणि नातू ते भक्तिगीतांत शोधत होता. अ‍ॅपमध्ये ते चित्रपटाच्या नावाखाली होते आणि कलावंतांत संगीतकाराचे नावही होते. ते माडगूळकरांचे आहे हे कळल्यावर आजींचा त्याच्यावरचा जीव कमी झाला नाही, पण त्यांनी वहीत ओळीपुढे 'सिनेमा' असे लिहून ठेवले.

नोंदीपुढे दिसणाऱ्या वर्षावर मात्र विसंबून चालत नाही. जुनी गाणी पुनःपुन्हा नव्या संकलनांत घातली जातात आणि अ‍ॅपमध्ये बहुधा संकलन निघाल्याचे वर्ष दिसते. पन्नास वर्षांपूर्वीचे गाणे कालपरवाचे दिसू शकते. मुखपृष्ठाचे चित्रही असेच बदलते. आज विठ्ठलाचे चित्र पाहून ओळखलेले गाणे दुसऱ्या संकलनात गायकाच्या छायाचित्रासह येते. आणि एक धोक्याची खूण: शीर्षकात `Remix`, `Lofi` किंवा `Cover` अशी अक्षरे दिसली तर ती नोंद सोडायची. हे तीन शब्द नातवाने वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून त्यांवर फुली मारून दिली. `Live` या शब्दावर फुली मारली नाही. तिथे फक्त 'मैफल' असे लिहिले.

क्रम

एकेक गाणे लावता येऊ लागल्यावर आजींनी जी मागणी केली ती नातवाला अपेक्षित नव्हती. त्यांना गाणी ठरलेल्या क्रमाने हवी होती. वारकरी भजनाची सुरुवात मंगलाचरणाने होते, त्यात 'रूप पाहता लोचनी' आणि 'सुंदर ते ध्यान' यांसारखे रूपाचे अभंग आधी येतात, मग बाकीचे अभंग, पुढे गौळणी, आणि शेवटी पसायदान. पसायदानानंतर काही वाजणे त्यांना मान्य नव्हते. ही साधी वाटणारी अट अ‍ॅपच्या मूळ स्वभावाच्या विरुद्ध जाते, कारण अ‍ॅपला काहीतरी सतत वाजत राहायला हवे असते.

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आड आल्या आणि त्यांची कारणे वेगळी ओळखावी लागली. पहिली, आम्ही सुरुवातीला जो फुकटचा प्रकार वापरत होतो, त्यात स्वतःची प्लेलिस्ट तयार करता येई पण ती क्रमाने वाजवण्याची मोकळीक नव्हती. गाणी पिसलेल्या पत्त्यांसारखी कशीही येत. दुसरी, क्रमाने वाजवण्याची सोय असलेल्या प्रकारातही एकमेकांना छेदणाऱ्या दोन बाणांचे चित्र चुकून दाबले गेले की क्रम मोडतो. ते चित्र रंगीत दिसत असेल तर गाणी उलटसुलट येणार आणि पांढरे असेल तर क्रमाने, एवढे आजींनी लक्षात ठेवले. तिसरी, यादी संपली की अ‍ॅप स्वतःच्या अंदाजाने मिळतीजुळती गाणी सुरू करते. हे सेटिंग्जमध्ये बंद करता येते, पण ते बंद करण्याची जागा प्लेलिस्टच्या पानावर नसून अ‍ॅपच्या मुख्य सेटिंग्जमध्ये असल्यामुळे ती चटकन सापडत नाही. पसायदानानंतर एकदा ढोलताशांचे एक गाणे जोरात सुरू झाले तेव्हा हे लक्षात आले. आता पसायदान संपले की शांत होते.

जाहिरातींचा प्रश्न क्रमाच्या प्रश्नापेक्षा कडू होता. दोन अभंगांच्या मधे मोठ्या आवाजात जाहिरात आली की आजींना आपल्या हातून काहीतरी बिघडले असे वाटे आणि त्या घाईने पडद्यावर हात मारत. त्या स्पर्शाने जाहिरातीचे पान उघडे आणि मग खरोखरच भलतीकडे जाणे होई. नातवाने आधी त्यांना जाहिरात ओळखायला शिकवले: ती चालू असताना गाण्याचे नाव जाते, आणि ती आपोआप संपते, तेव्हा हात लावायचा नाही, मनात नाम घ्यायचे. काही दिवस असे चालले. नंतर घरात विचार करून आम्ही पैसे भरून जाहिरातीविना असलेला प्रकार घेतला. देवघरात फोनचे नेटवर्क नीट पोहोचत नसल्याने गाणी फोनमध्ये उतरवून ठेवण्याची सोयही त्यात मिळाली. अशी उतरवलेली गाणी फोनची कायमची होत नाहीत. वर्गणी चालू आहे का हे अ‍ॅप अधूनमधून इंटरनेटवरून पडताळते, आणि फोन बरेच दिवस नेटशिवाय राहिला तर ती वाजेनाशी होतात. आजींना हे कॅसेटच्या हिशेबाने अन्यायाचे वाटले. विकत घेतलेली वस्तू परत का जावी, हा त्यांचा प्रश्न योग्यच आहे. आम्ही त्यांना सांगितले की हे विकत घेणे नव्हे, हे दरमहा भाडे आहे, आणि ते कळल्यावरच घ्यायचे की नाही हे त्यांनी ठरवले.

आजचे चित्र

सध्या आजी स्वतः फोन उघडतात, मुख्य पडद्यावर ठेवलेल्या प्लेलिस्टच्या चित्राला स्पर्श करतात आणि भजन सुरू करतात. मधे फोन आला तर बोलणे संपल्यावर गाणे कधी आपोआप सुरू होते, कधी होत नाही. न झाल्यास त्रिकोण दाबायचा हे त्यांना माहीत आहे. वहीतल्या गाण्यांचा शोध त्या एकट्या घेतात. वहीत नसलेले गाणे मनात आले तर ओळ बोलून पाहतात, आणि न सापडल्यास डाव्या पानावर लिहून ठेवतात. नातू कॉलेजातून आला की उजवे पान भरतो. शोधाचा शब्द कोणता घ्यावा हे त्यांना अजून एकटीने ठरवता येत नाही, कारण त्यासाठी रोमन लेखनातल्या पर्यायांचा अंदाज हवा आणि तो वाचनाच्या सवयीतून येतो. मात्र झ आणि ळ असलेला शब्द "नको" हे त्या आता स्वतःच सांगतात.

अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत चित्रांच्या जागा बदलतात तेव्हा त्यांना त्रास होतो. एकदा खालची पट्टी बदलली तेव्हा त्या दोन दिवस भजनाशिवाय राहिल्या आणि कोणाला सांगितले नाही, हे नंतर कळले. म्हणून अ‍ॅपचे आपोआप होणारे अद्ययावतीकरण बंद केले असून ते आता नातू शेजारी बसलेला असताना होते, आणि बदललेली जागा लगेच दाखवली जाते.

वहीतल्या कोऱ्या जागा मात्र अ‍ॅपमधून भरणे शक्य नाही. फलटणच्या भजनी मंडळाचे 'सुंदर ते ध्यान' कोणत्याही कंपनीने ध्वनिमुद्रित केलेले नाही. ते आजींच्या भावाने घरच्या टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर आहे. बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता, तो बदलून घेतला. कॅसेट लावण्याआधी नातवाने ती एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घेतली, कारण वर्षानुवर्षे गुंडाळून राहिलेली फीत आतल्या आत चिकटून मधेच अडू शकते. मग टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून साडेतीन मिलिमीटरची वायर संगणकाला जोडून, Audacity या मोफत प्रोग्रॅममध्ये एक बाजू पूर्ण मुद्रित केली. इथे घाई चालत नाही. अर्ध्या तासाची बाजू अर्धा तासच घेते. आवाजाची पातळी पहिल्या वेळी जास्त ठेवली गेल्याने पखवाजाच्या थापा फाटल्यासारख्या आल्या, म्हणून पातळी खाली आणून तीच बाजू पुन्हा घेतली. फितीची खरखर कमी करणारी सोय त्याने थोडी वापरून पाहिली, पण तिने टाळांचा नादही बोथट होत होता. आजींनी दोन्ही ऐकून खरखरीसह असलेले निवडले.

ते ध्वनिमुद्रण आता फोनमध्ये आहे, पण अ‍ॅपच्या प्लेलिस्टमध्ये नाही, कारण आमच्या अ‍ॅपमध्ये फोनवरची स्वतःची गाणी यादीत मिसळण्याची सोय नाही. त्यामुळे मंगलाचरणाचा तो एक अभंग फोनच्या साध्या प्लेअरमध्ये आधी लावायचा आणि तो संपला की प्लेलिस्ट सुरू करायची, अशी दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. कॅसेटची दुसरी बाजू या दिवाळीच्या सुट्टीत घ्यायची आहे. तिच्यावर गौळणी आहेत असे आजी सांगतात, आणि त्या कोणी गायल्या आहेत हे त्यांना आवाजावरून ओळखायचे आहे.